शंभरला घेतलेला शेअर

शेअर १०० ला घेतला होता. आज तो ८० वर आहे. विकायचं बटण समोर आहे, दोन सेकंदांचं काम आहे, तरी बोट पुढे जात नाही. मनात एक वाक्य तयार असतं: ‘एकदा १०० ला येऊ दे, मग काढून टाकतो.’ हे वाक्य नीट ऐकलं तर त्यात कंपनीबद्दल एक अक्षरही नाही. तिचा धंदा, तिचं कर्ज, तिची पुढची तिमाही, कशाचाच उल्लेख नाही. आहे तो फक्त आपल्या खरेदीचा आकडा. बाजारात आज त्या शेअरचा सौदा करणाऱ्या हजारो लोकांपैकी कोणालाही या १०० शी काही देणंघेणं नाही, पण आपला सगळा निर्णय त्याच खुंटीला बांधलेला असतो.

त्याच खात्यात दुसरा एक शेअर असतो. तोही १०० ला घेतलेला, पण आता १२० वर. तो विकताना हात अजिबात अडखळत नाही. ‘नफा पदरात पाडून घेऊ, उद्याचं कोणी पाहिलंय?’ म्हणजे चढणारा निघून जातो आणि पडणारा घरात राहतो. अर्थशास्त्रज्ञ हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये या सवयीला ‘डिस्पोझिशन इफेक्ट’ असं नाव दिलं. तिचं कारण विचारलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: लॉस अव्हर्जन, म्हणजे तोट्याची धास्ती. नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख दुपटीनं मोठं असतं, म्हणून माणूस तोटा ‘बुक’ करत नाही. हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. उरलेलं अर्धं कळलं नाही तर त्यावरचा इलाजही चुकतो, म्हणून ते जरा सावकाश उलगडू या.

मुळात पैशाचं सुख कशावरून मोजायचं, हा प्रश्न जुना आहे. १७३८ मध्ये डॅनियल बर्नुलीनं मांडलं की माणूस आपल्या एकूण संपत्तीकडे बघून निर्णय घेतो आणि संपत्ती वाढत जाते तसं पुढच्या प्रत्येक नाण्याचं अप्रूप कमी होतं. पुढची दोनशे-अडीचशे वर्षं हाच विचार पाया मानला गेला. १९७९ मध्ये डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रॉस्पेक्ट थिअरी मांडली आणि त्या पायालाच हात घातला. त्यांचं म्हणणं असं की माणूस एकूण संपत्ती मोजतच नाही. तो एक बिंदू मनात धरतो आणि त्याच्या वर किती, खाली किती, एवढंच मोजतो. त्याला संदर्भबिंदू म्हणू. शेअरच्या बाबतीत हा बिंदू बहुधा खरेदीची किंमत असतो. मन तिथूनच मोजायला लागलेलं असतं, आणि खात्याचा पडदाही रोज तोच आकडा शेजारी मांडून फरक लाल किंवा हिरव्या रंगात दाखवतो.

त्यांच्या निबंधातला एक प्रश्न आजही मला थक्क करतो. ९५ जणांना विचारलं: ३००० खात्रीने मिळणार, की ८० टक्के शक्यतेनं ४०००? ८० टक्के लोकांनी खात्रीचे ३००० घेतले. मग तोच प्रश्न उलटा केला: ३००० खात्रीने जाणार, की ८० टक्के शक्यतेनं ४००० जाणार? आता ९२ टक्के लोकांनी जुगार पत्करला. सरासरी काढली तर दुसऱ्या पर्यायात ३२०० जातात, म्हणजे तो जास्त महाग आहे. तरी लोक तिकडे गेले, कारण त्यात ‘काहीच जाणार नाही’ अशी एक फट होती. रक्कम चिल्लर नव्हती. हा प्रश्न इस्रायलमध्ये विचारला होता, आणि तिथल्या कुटुंबाचं महिन्याचं मध्यम उत्पन्न तेव्हा साधारण तेवढंच, ३००० च्या आसपास होतं. प्रश्न काल्पनिक होता हे खरं, पण ८० वर आलेला शेअर धरून बसणारा माणूस नेमकं हेच उत्तर देत असतो.

१९९२ मध्ये दोघांनी या मांडणीला आकडे दिले. नफा कितीही असो, त्याला ०.८८ हा घातांक लावायचा आणि जी संख्या येईल ती त्या नफ्याची मनाला जाणवणारी किंमत. तोट्यालाही तोच घातांक, पण नंतर २.२५ नं गुणायचं. घातांक १ पेक्षा कमी असल्यामुळे रक्कम वाढते तशी जाणीव बोथट होत जाते, आणि २.२५ मुळे तोटा जड होतो. हे आकडे म्हणजे त्यांच्या प्रयोगातल्या लोकांचा मध्यम अंदाज. माणसागणिक ते बदलतात, पण घडण समजून घ्यायला पुरेसे आहेत. २० चा नफा मनाला साधारण १४ इतका वाटतो, २० चा तोटा ३१.४ इतका.

आता आपला ८० वरचा शेअर घेऊ. समजा, पुढच्या काही महिन्यांत दोनच गोष्टी होऊ शकतात: तो २० नं चढून १०० होईल किंवा २० नं पडून ६० होईल, आणि दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी. हिशेबानं बघितलं तर विकणं आणि धरणं सारखंच, सरासरी ८० च. मन मात्र असं मोजत नाही. आज विकलं तर २० चा तोटा पक्का, म्हणजे ३१.४ इतका सल. धरून ठेवलं तर निम्म्या शक्यतेनं शून्य आणि निम्म्या शक्यतेनं ४० चा तोटा. ४० चा तोटा दुप्पट, म्हणजे ६२.८, दुखायला हवा होता, पण जाणीव बोथट होत गेल्यामुळे तो ५७.८ इतकाच दुखतो. त्याचा निम्मा २८.९. विकण्याचा सल ३१.४, धरण्याचा २८.९. मन धरण्याकडे झुकलं.

ही ओढ काही फुकट नाही. पडण्याची शक्यता ५० ऐवजी ५४ टक्के केली तरी या गणितानुसार मन धरूनच ठेवतं. तेव्हा शेअरची सरासरी अपेक्षित किंमत ७८.४ असते. म्हणजे ८० ची वस्तू ७८.४ ला जाणार हे गणित सांगत असतानाही माणूस हलत नाही. दोन टक्के दिले जातात ते ‘बरोबरीत सुटण्याच्या’ आशेपोटी. (प्रॉस्पेक्ट थिअरीत शक्यतांचं वजनही मन वाकवतं. ते मी इथे सोडून दिलंय. ते धरलं तर धरून ठेवण्याची ओढ आणखी थोडी वाढते.)

आता या हिशेबात २.२५ कुठे आहे ते बघा. विकणं आणि धरणं, दोन्ही बाजू तोट्याच्याच प्रदेशात आहेत, म्हणून २.२५ दोन्हीकडे गुणाकार होऊन बसतो आणि तुलनेतून निघून जातो. तो काढून टाकला तरी निर्णय तोच राहतो: १४ विरुद्ध १२.८. म्हणजे इथे हात अडवते ती बोथट होत जाणारी जाणीव. पहिले २० गेले तेव्हा ३१.४ दुखलं, पुढचे २० गेले तर २६.४ च दुखेल, त्यापुढचे २० गेले तर २४.८. आधीच भिजलेल्या माणसाला आणखी पावसाचं काय, तसं. तोट्याचं भय माणसाला सावध करतं असा आपला समज असतो, पण एकदा तोट्यात गेलेला माणूस धाडसी होतो. हा या सिद्धान्ताचा सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग आहे, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी.

मग तोट्याची धास्ती कुठे दिसते? ती दिसते हा शेअर ज्याच्याकडे नाही त्याच्यात. त्याला हाच शेअर ८० ला घ्यायचाय आणि पुढे तेच दोन रस्ते आहेत, २० वर किंवा २० खाली. त्याचा संदर्भबिंदू ८०. निम्मा नफा म्हणजे ७, निम्मा तोटा म्हणजे १५.७, बेरीज उणे ८.७. तो म्हणेल, नको रे बाबा. इथे २.२५ नं आपलं काम केलं. म्हणजे एकाच दिवशी, एकाच किमतीला, तोच शेअर एक जण घ्यायला तयार नाही आणि दुसरा सोडायला तयार नाही. दोघांचा स्वभाव सारखा, माहिती सारखी, फरक फक्त कुठून मोजायला सुरुवात केली याचा. आणि बऱ्याचदा हे दोघे एकाच माणसात असतात: हातातला पडका शेअर सोडत नाही, आणि तोच आज नव्यानं घे म्हटलं तर घेत नाही.

१२० वरचा शेअर का विकला जातो तेही यातच आलं. विकला तर १४ चं सुख. धरला तर निम्म्या शक्यतेनं ४० चा नफा आणि निम्म्या शक्यतेनं शून्य. ४० च्या नफ्याचं सुख २५.७, निम्मं १२.८. चौदा मोठे, म्हणून विकला.

हे चित्र इतकं नेटकं बसतं की इथेच थांबायचा मोह होतो, पण थांबलो तर फसगत होईल. शेअर ८० ऐवजी ९५ वर असेल तर? तेच २० वर किंवा खाली धरले तर तो ११५ होईल किंवा ७५. आज विकला तर ५ चा तोटा, सल ९.३. धरला तर निम्म्या शक्यतेनं १५ चा नफा, निम्म्या शक्यतेनं २५ चा तोटा. हिशेब उणे १३.७. म्हणजे सिद्धान्त म्हणतो, विक! छोट्या तोट्यात धास्ती पुन्हा जागी होते, कारण पुढचा रस्ता संदर्भबिंदू ओलांडतो. प्रत्यक्षात मात्र लोक ९५ लाही विकत नाहीत. निकोलस बार्बेरिस आणि वेई शाँग यांनी २००९ मध्ये हीच अडचण मांडली आणि म्हटलं की कागदावरचा तोटा आणि पक्का झालेला तोटा मन वेगळे मोजत असावं. खरा चटका बसतो तो विकण्याच्या क्षणी. ‘विकेपर्यंत तोटा नाही’ असं जे सर्रास म्हटलं जातं, ते हिशेब म्हणून चूक आहे, पण मनाच्या कारभाराचं वर्णन म्हणून अगदी तंतोतंत आहे.

आणि शेअर ६० वर गेला तर? विकण्याचा सल ५७.८, धरण्याचा ५७. फरक नगण्य. ओढ सगळ्यात जास्त असते ती बरोबरी जेमतेम हाताशी असते तेव्हा. फार खाली गेल्यावर ओढ उरत नाही, बधिरपणा उरतो. खात्याच्या तळाशी वर्षानुवर्षं पडून राहिलेले, ७०-८० टक्के पडलेले शेअर तिथे कोणाच्या आशेमुळे नसतात. त्यांच्याकडे आता कोणी बघतच नाही, म्हणून असतात.

ही सवय खरोखर महाग पडते का, हे टेरन्स ओडीन यांनी मोजलं. त्यांचा निबंध १९९८ चा. अमेरिकेतल्या एका ब्रोकरेजच्या १०,००० खात्यांचे १९८७ ते १९९३ चे व्यवहार त्यांनी तपासले. नफ्यात असलेल्या शेअरपैकी साधारण १४.८ टक्के विकले गेले, तोट्यात असलेल्यांपैकी ९.८ टक्के. आणि जे नफ्यातले शेअर लोकांनी विकून टाकले, ते पुढच्या वर्षभरात धरून ठेवलेल्या पडक्या शेअरपेक्षा सरासरी ३.४ टक्के अंकांनी सरस ठरले. ‘पडलेला कधीतरी उठेल’ ही आशा त्या काळात, त्या खात्यांत तरी चुकीची निघाली. एका महिन्यात मात्र चक्र उलटं फिरायचं: डिसेंबरात. वर्ष संपण्याआधी तोटा दाखवला तर तिथे कर वाचतो. तोट्याला एखादं दुसरं नाव मिळालं की हात मोकळा होतो.

ओडीन यांची पद्धत आपल्या खात्यावर वापरता येते, आणि अंदाजानं स्वतःला दोष देण्यापेक्षा ती कितीतरी बरी. वर्षभराचे व्यवहार काढा आणि फक्त ज्या दिवशी काहीतरी विकलंत तेच दिवस घ्या. बाकीच्या दिवशी कदाचित आपण खातं उघडलंही नसेल, त्यामुळे त्या दिवशी ‘विकलं नाही’ याला अर्थ नाही. त्या प्रत्येक दिवशी खात्यातला एकेक शेअर चार खणांपैकी एकात टाकायचा: नफ्यात विकला, नफ्यात असून ठेवला, तोट्यात विकला, तोट्यात असून ठेवला. न विकलेल्या शेअरचा त्या दिवसाचा उच्चांक आणि नीचांक दोन्ही खरेदीच्या वर असतील तरच तो नफ्यात, दोन्ही खाली असतील तरच तोट्यात. मधला असेल तर सोडून द्यायचा. एकाच शेअरची अनेकदा खरेदी असेल तर सरासरी किंमत धरायची. समजा, १२ दिवस निघाले आणि त्यांची बेरीज अशी आली: नफ्यात विकले ९, नफ्यातले ठेवले ४१, तोट्यात विकले ६, तोट्यातले ठेवले ५४. पहिलं प्रमाण ५० पैकी ९, म्हणजे १८ टक्के. दुसरं ६० पैकी ६, म्हणजे १०. भागाकार १.८. ओडीन यांच्या आकड्यांचा भागाकार १.५ येतो. एकेकट्या प्रमाणाला फार महत्त्व देऊ नका, कारण खात्यात पाच शेअर असले की ते मोठं दिसतं आणि पन्नास असले की लहान. बघायचा तो भागाकार. आणि विक्री चार-पाचच असतील तर तोही योगायोगानं हलतो.

या सवयीचं सगळ्यात साळसूद रूप म्हणजे अ‍ॅव्हरेज करणं. १०० ला १०० शेअर होते, ८० ला आणखी १०० घेतले, सरासरी ९० झाली. आता बरोबरीत यायला २५ टक्क्यांऐवजी १२.५ टक्केच चढावं लागेल. हायसं वाटतं. पण बदललं काय? संदर्भबिंदू १० नं खाली सरकवून घेतला, इतकंच. आणि त्यासाठी आता शेअर १ नं पडला की १०० ऐवजी २०० जातात. कंपनी खरंच ८० ला स्वस्त आहे असं कागदावर मांडून दाखवता येत असेल तर ही खरेदी रास्त आहे. पण तसं असेल तर ज्याच्याकडे आधीचे १०० शेअर नाहीत, त्यालाही ती तितकीच रास्त वाटायला हवी. ‘सरासरी खाली येईल’ याशिवाय कारण सुचत नसेल, तर ती खरेदी शेअरची नसून दिलाशाची आहे.

यावर जी कसोटी सांगितली जाते ती साधी आहे: आज हा शेअर नसता आणि ८० रोख हातात असते, तर तो घेतला असता का? कसोटी योग्यच आहे, पण ती जशीच्या तशी लावली की एक गडबड होते. वर पाहिलं तसं, नव्यानं घेणाऱ्याच्या मनात २.२५ जागा असतो, त्यामुळे तो चांगल्या गोष्टीलाही ‘नको’ म्हणेल. म्हणून प्रश्न रोखीशी तुलना करून न विचारता दुसऱ्या शेअरशी तुलना करून विचारावा: हे ८० कुठे तरी गुंतलेले राहणारच आहेत, तर मग ते इथे असावेत की माझ्या यादीतल्या त्या दुसऱ्या कंपनीत? दोन्हीकडे जोखीम आहे, दोन्हीकडे धास्ती सारखी, म्हणून ती कटते. त्यातून दलाली आणि कर वजा करायचे. एवढं करूनही जुना शेअरच सरस वाटला तर खुशाल धरावा. पडका शेअर धरणं ही आपोआप चूक होत नाही. चूक ओळखू येते ती कारण बदललं की. तीन महिन्यांसाठी घेतलेला शेअर पडल्यावर ‘लाँग टर्म’ झाला, तर किमतीखेरीज आणखी काय बदललं हे विचारायला हवं.

म्हणूनच खरेदीच्या दिवशी दोन ओळी लिहून ठेवणं फार मोलाचं असतं: का घेतला, आणि काय झालं तर ते कारण संपलं असं मानायचं. ‘सलग दोन तिमाहीत विक्री घटली तर’ अशी अट ‘१० टक्के पडला तर’ या अटीपेक्षा बरी, कारण ती कंपनीबद्दल आहे. किंमतीची अट घालायचीच असेल तर स्टॉप लॉसची, म्हणजे किंमत ठरावीक आकड्यापर्यंत पडली की शेअर आपोआप विकायची, ऑर्डर त्याच दिवशी टाकावी, डोकं थंड असताना. तो दोन ठिकाणी दगा देतो. एक, शेअर रात्रीतून खाली उघडला की ९० चा स्टॉप लॉस ८४ ला सुटू शकतो. दुसरं, आणि हे जास्त होतं, किंमत ९१ वर आली की आपणच तो ८५ वर सरकवतो. पहिल्यावर आपला इलाज चालत नाही. दुसऱ्यासाठी साधा नियम पुरतो: स्टॉप लॉस वर सरकवायला मुभा, खाली सरकवायला नाही.

ज्यांच्या खात्याच्या पडद्यावर खरेदीची किंमत आणि नफा-तोट्याचा रकाना लपवता येतो, त्यांनी आढावा घेताना तो जरूर लपवावा. लपवता येत नसेल तर शेअरचं नाव, आजची किंमत, एकूण खात्यातला हिस्सा एवढंच वहीत उतरवून पडदा बंद करावा आणि वहीवर निर्णय घ्यावा. खरेदीची किंमत फक्त कराच्या हिशेबाला लागते, आणि तो विकायचं ठरल्यावरही करता येतो.

एवढं करून शेअर ८० ला विकला, तरी मन मोजायचं थांबत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. आता ८० हा नवा संदर्भबिंदू होतो. शेअर ९० झाला की ‘घाई केली’, ७० झाला की ‘वाचलो’, आणि या दोन्हींचा तो निर्णय बरोबर होता का याच्याशी फारसा संबंध नसतो. बघायचंच असेल तर विकलेल्या शेअरच्या शेजारी ते पैसे जिथे गेले तो दुसरा शेअर लिहावा आणि वर्षानं दोघांची तुलना करावी. ९० आणि ८० मधला फरक काही सांगत नाही. त्या १० पैकी आपण खरोखर किती गमावले, ते दुसऱ्या शेअरच्या ओळीत दिसतं.